कॅमेऱ्याचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ड आत्ताच फॉरमॅट झालंय. आधी काय करू?

कॅमेरा बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि कार्डाच्या बाजूची छोटी कळ `LOCK` कडे सरकवा. कार्यक्रम चालू असेल तर दुसरं कार्ड घालून पुढे काम करा. या कार्डावर आता एकही फोटो काढायचा नाही, "चालतंय का बघू" म्हणून सुद्धा नाही. मायक्रोएसडीला कळ नसते, पण ते ज्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बसतं त्याला असते.

ही कळ लावायला सांगतो कारण संगणक वाटतो तितका सोवळा नसतो. नुसतं कार्ड घातलं तरी विंडोज त्यावर `System Volume Information` नावाचा फोल्डर तयार करतं, मॅक `.Spotlight-V100` आणि `.fseventsd` टाकतो. हे लिखाण थोडंसंच असतं, पण ते नेमकं कोणाच्या मुंडावळ्यांवर पडेल हे आपल्या हातात नसतं. कळ पाळणं हे रीडरचं काम आहे, कार्डाचं नाही. बहुतेक रीडर ती पाळतात, काही स्वस्तातले पाळत नाहीत.

विंडोजने `You need to format the disk` असा प्रश्न विचारला तर `Cancel` करा. `chkdsk` चालवू नका. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायला जातं आणि त्यासाठी कार्डावर लिहितं. आपल्याला दुरुस्ती नको आहे, जे आहे ते तसंच राहायला हवं आहे.

खरंच फॉरमॅट झालंय, की नुसतं रिकामं दिसतंय?

हे आधी तपासा, कारण निम्मी घबराट इथेच संपते. दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात प्लेबॅक दुसऱ्या स्लॉटवर असेल तर भरलेलं कार्डही रिकामं वाटतं. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात कार्ड घातलं तरी तो कॅमेरा परके फोटो दाखवेलच असं नाही.

संगणकात कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा बघा. फोटो एकही दिसत नाही पण 30 जीबी वापरलेले दिसतात, असं असेल तर फॉरमॅट झालेलं नाही. फाइल लपलेल्या आहेत. प्रिंट काढायला म्हणून कार्ड एखाद्या दुकानातल्या व्हायरस लागलेल्या संगणकात घातलं की हे हमखास होतं: फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइल दाखवण्याची सेटिंग चालू केली की फोटो जागेवरच सापडतात.

वापरलेली जागा जवळपास शून्य आणि आत नुसता नवा कोरा `DCIM` फोल्डर, असं असेल तर मात्र फॉरमॅटच झालंय.

फॉरमॅट झाल्यावर फोटो जातात तरी कुठे?

कुठेच जात नाहीत. 32 जीबीपर्यंतच्या कार्डावर सहसा FAT32 आणि त्याहून मोठ्यावर exFAT ही फाइल सिस्टिम असते. दोन्हींत कार्डाच्या सुरुवातीचा एक छोटा भाग हिशेबासाठी राखलेला असतो: कोणता फोल्डर कुठे आहे, कोणती फाइल कुठून सुरू होते, कुठली जागा मोकळी आहे. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट फक्त हा हिशेब कोरा करतं आणि नवा `DCIM` फोल्डर तयार करतं. फोटोंच्या मजकुराला ते हात लावत नाही. म्हणूनच 64 जीबीचं कार्ड दोन-चार सेकंदांत फॉरमॅट होतं.

मग फोटो शोधायचे कसे? हिशेब नाही म्हटल्यावर कार्ड पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचत जायचं आणि फोटोची सुरुवात ओळखायची. प्रत्येक जेपेग `FF D8 FF` या बाइटनी सुरू होते. रॉ फाइलच्या सुरुवातीलाही तिची अशी खूण असते आणि आतला कोणता भाग कुठे आहे, केवढा आहे याची नोंद त्यातच असते. सुरुवात सापडली की सॉफ्टवेअर तिथून पुढचे सलग बाइट उचलतं.

या 'सलग' शब्दावर सगळं अवलंबून आहे. कोऱ्या कार्डावर कॅमेरा एकामागोमाग एक लिहीत जातो, त्यामुळे प्रत्येक फोटो अखंड पडलेला असतो आणि असा शोध चांगला चालतो. शूट करता करता मधले मधले फोटो डिलीट केले असतील तर कार्डावर भोकं पडतात. नंतरचा मोठा फोटो दोन भोकांत तुकड्यांनी बसतो आणि हे तुकडे जोडणारा हिशेब तर पुसलेला असतो. 'ही फ्रेम उडव, ती उडव' ही सवय असलेल्यांच्या कार्डातून तुटके फोटो जास्त निघतात ते यामुळे.

मग कुठल्या फॉरमॅटनंतर आशा सोडायची?

तीन प्रकार आहेत. पहिला, कॅनन आणि आणखी काही कॅमेऱ्यांतला `Low level format`. त्या खुणेवर टिक असताना फॉरमॅट केलं असेल तर कार्डावरचा सगळाच डेटा पुसला जातो. दुसरा, विंडोजमध्ये `Quick Format` वरची टिक काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून हे फॉरमॅट अख्ख्या कार्डावर शून्यं लिहितं. तिसरा, एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरमधला `Overwrite format`.

"पण माझं फॉरमॅट तर पाच सेकंदांत झालं" हा दिलासा पुरेसा नाही. शून्यं लिहायची तर 64 जीबीला दहा-पंधरा मिनिटं लागतातच, हे खरं. पण एसडी कार्डाला 'एवढा भाग पुसून टाक' अशी एक थेट आज्ञाही देता येते आणि ती फार लवकर पूर्ण होते. त्यानंतर तो भाग वाचला की नुसती `00` किंवा नुसती `FF` मिळतात. त्यामुळे वेळेवरून अंदाज बांधू नका, आत डोकावून बघा. कसं, ते पुढे दिलंय.

फॉरमॅट झाल्याचं कळलंच नाही, त्यावर फोटोही काढले. आता?

तेवढ्याच जागेतले जुने फोटो गेले, बाकीचे शिल्लक आहेत. बहुतेक कॅमेरे फॉरमॅटनंतर पुन्हा सुरुवातीपासून लिहितात, म्हणून मार बसतो तो कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या फोटोंना.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. हेच पुढेही वापरणार आहे. समजा 64 जीबीचं कार्ड, 24 मेगापिक्सेलचा निकॉन, रॉ आणि जेपेग दोन्ही चालू. रॉ 25 एमबी आणि जेपेग 8 एमबी धरली तर एका क्लिकला 33 एमबी. सकाळच्या हळदीपासून दुपारच्या पंगतीपर्यंत 900 क्लिक झाले, म्हणजे साधारण 30 जीबी. मग मदतीला आलेल्या मुलाने हे कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं आणि रिसेप्शनचे 60 क्लिक मारले, म्हणजे सुमारे 2 जीबी.

कार्डाचे पहिले 2 जीबी आता रिसेप्शनचे आहेत. तिथे असलेले हळदीचे पहिले साठेक क्लिक गेले, ते कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. सीमेवरचा एखादा फोटो अर्धवट असेल. 2 ते 30 जीबीमधले साधारण 840 क्लिक जागच्या जागी आहेत.

थेट कार्डावरच सॉफ्टवेअर चालवलं तर काय बिघडतं?

एकदाच चालवायचं असेल आणि कार्ड धडधाकट असेल तर फारसं काही नाही. पण एकदाच कधी चालवलं जात नाही. एक सॉफ्टवेअर, मग दुसरं, मग मित्राने सांगितलेलं तिसरं, आणि दर वेळी अख्खं कार्ड वाचायचं. शिवाय यातलं एखादं सॉफ्टवेअर सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायला निघालं तर सगळं मुसळ केरात. म्हणून आधी कार्डाची सेक्टर-बाय-सेक्टर प्रत काढायची, जिला इमेज म्हणतात, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर करायचे. कार्ड लॉक लावून ड्रॉवरमध्ये.

इमेज कार्डाएवढीच मोठी होते, आणि निघणारे फोटो आणखी तेवढीच जागा घेऊ शकतात. 64 जीबीच्या कार्डासाठी डिस्कवर 130 जीबी मोकळे ठेवा. सेकंदाला 90 एमबी वाचणारा रीडर असेल तर बारा-एक मिनिटं लागतात, 20 एमबीचा जुना रीडर असेल तर तासभर. कॅमेरा केबलने जोडून हे जमत नाही. त्या मार्गाने कॅमेरा फक्त त्याच्या हिशेबात असलेल्या फाइल देतो, सेक्टर वाचू देत नाही. कार्ड रीडरच लागतो.

विंडोजवर विन32 डिस्क इमेजर वापरता येतो. त्यात इमेजचं नाव `card.img` द्या, कार्डाचं ड्राइव्ह निवडा आणि `Read` दाबा. शेजारचं `Write` बटण इमेज कार्डावर लिहितं, त्याच्या वाटेला जाऊ नका. लिनक्सवर आधी `lsblk` ने कार्डाचं नाव बघा आणि मग:

```
sudo ddrescue -d /dev/sdb card.img card.map
```

इथे `/dev/sdb` च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव येईल. साध्या `dd` पेक्षा मला हे बरं वाटतं. वाचता न येणारा सेक्टर आला की हे अडून बसत नाही, पुढचं वाचून घेतं आणि मग राहिलेल्याकडे परत वळतं.

इमेजमध्ये फोटो आहेत की नाहीत, हे आधीच कळतं का?

कळतं. इमेज एखाद्या हेक्स एडिटरमध्ये उघडा (विंडोजवर एचएक्सडी फुकट मिळतो) आणि मधल्या कुठल्याही ठिकाणी जा. लिनक्स किंवा मॅकवर एक जीबी आत डोकवायचं असेल तर:

```
xxd -s 1073741824 -l 256 card.img
```

अस्ताव्यस्त, कुठलाही पॅटर्न नसलेले बाइट दिसले तर तिथे डेटा आहे. नुसती `00 00 00` किंवा `FF FF FF` दिसली तर तो भाग पुसला गेलाय. एकाच ठिकाणी बघून निकाल देऊ नका, पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बघा. जिथे फोटो असायला हवेत तिथेही सगळीकडे शून्यंच असतील तर सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. तिथे वाचण्यासारखं काही उरलेलंच नाही.

फोटोरेक कसं चालवायचं?

फोटोरेक हे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मुक्त सॉफ्टवेअर टेस्टडिस्कसोबतच मिळतं. डाउनलोड केलेली झिप उलगडली की आत `qphotorec_win.exe` असते. तीच माऊसने वापरता येणारी आवृत्ती. काळ्या खिडकीची भीती वाटत नसेल तर `photorec_win.exe` आहेच.

1. वरच्या यादीतून `Add a raw disk image` निवडून `card.img` द्या.
2. खाली विभागांची यादी येईल. त्यात अख्ख्या डिस्कची, म्हणजे `Whole disk` ची ओळ निवडा. फॉरमॅटनंतर विभागाच्या सीमा बदलल्या असतील तरी त्याने फरक पडत नाही.
3. फाइल सिस्टिम म्हणून `FAT/NTFS/HFS+` असलेला पर्याय ठेवा, आणि `Free` ऐवजी `Whole`.
4. `File Formats` मध्ये सगळ्या टिक काढा आणि फक्त `jpg` आणि `tif` लावा.
5. `Browse` ने कार्डाबाहेरचा एक रिकामा फोल्डर द्या आणि `Search` दाबा.

चौथ्या पायरीवर लोक अडकतात. यादीत एनईएफ शोधत बसतात. निकॉनची NEF, कॅननची जुनी CR2, सोनीची ARW या सगळ्या रॉ फाइल आतून टिफच्या घराण्यातल्या, म्हणून त्या `tif` खाली येतात. कॅननची नवी CR3 मात्र व्हिडिओसारख्या साच्यात बांधलेली असते, तिच्यासाठी `mov` वर टिक लावा.

फाइलना `f4210688.nef` असली नावं का? माझी `DSC_0412` कुठे गेली?

नावं फाइलच्या आत नसतात, पुसलेल्या हिशेबात असतात. ती मिळत नाहीत म्हणून फोटोरेक स्वतःचं नाव देतं: `f` आणि पुढे फाइल कुठल्या सेक्टरला सुरू झाली तो आकडा. एक सेक्टर म्हणजे 512 बाइट. सगळ्या फाइल `recup_dir.1`, `recup_dir.2` अशा फोल्डरांत पडतात.

हा आकडा कामाचा आहे. वरच्या लग्नात रिसेप्शनचे 2 जीबी म्हणजे साधारण 39 लाख सेक्टर. म्हणून त्याच्या खालच्या आकड्याच्या फाइल रिसेप्शनच्या. 39 लाखांपासून 5 कोटी 86 लाखांपर्यंतच्या, म्हणजे 2 ते 30 जीबीमधल्या, आपल्याला हव्या असलेल्या. `f4210688.nef` हळदीतलाच, सीमेच्या जरा पुढचा फोटो. कार्डावर सलग लिहिलेलं असल्यामुळे आकड्याने क्रम लावला की फोटोही बहुतेक काढले त्याच क्रमाने लागतात.

फोटो कधी काढला ही नोंद मात्र फाइलच्या आतच, एक्झिफमध्ये असते आणि ती फॉरमॅटने जात नाही. एक्झिफटूलने तीच नाव म्हणून लावता येते:

```
exiftool -r "-FileName<DateTimeOriginal" -d "%Y%m%d_%H%M%S%%-c.%%e" D:\parat
```

नावं बदलली की सेक्टरचा आकडा जातो. फोल्डरची एक प्रत करून, `D:\parat` च्या जागी तिचं नाव देऊन, तिच्यावरच ही आज्ञा चालवा.

त्यात मागच्या महिन्यातल्या बारशाचे फोटो कसे काय आले?

आपल्या उदाहरणात 30 जीबीच्या पुढचा भाग या लग्नात वापरलाच गेला नाही. तिथे आधीच्या कामाचे फोटो, त्याही आधीचे, दोनदा फॉरमॅट होऊन गेलेले, तसेच पडून असतात. वर दिलेल्या आज्ञेने तारखा लावल्या की ते वेगळे काढता येतात. ग्राहकाला फोल्डर देण्याआधी हे नक्की करा. एकाच्या घरचे फोटो दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये गेले तर फार ओशाळवाणं होतं. कार्ड विकताना किंवा कोणाला वापरायला देतानाही हेच लक्षात असू द्या.

फोटो मिळाले पण काही इवलेसे आहेत, काही अर्धे राखाडी.

इवलेसे फोटो म्हणजे थंबनेल. कॅमेरा जेपेगच्या एक्झिफमध्ये सहसा 160×120 ची एक छोटी जेपेग ठेवतो, तिलाही स्वतःची `FF D8` सुरुवात असते. फोटोरेक तिच्या नावाला `f` ऐवजी `t` लावतं. मूळ फोटो सोबत आला असेल तर या `t` फाइल सरळ उडवा. मूळ फोटो बिघडला असेल आणि थंबनेल शाबूत असेल, तर निदान त्या क्षणी काय टिपलं होतं तेवढं कळतं.

वरचा भाग ठीक आणि खाली राखाडी पट्टा, म्हणजे पुढचा डेटा मिळाला नाही. वरचा भाग ठीक आणि खाली रंगांचा गोंधळ किंवा चक्क दुसऱ्याच फोटोची पट्टी, म्हणजे फाइल तुकड्यांत होती आणि पुढचा तुकडा चुकीचा जोडला गेला. अशा फोटोचा वरचा भाग क्रॉप करून वापरता येतो. हरवलेला भाग 'जेपेग रिपेअर' म्हणवणारी सॉफ्टवेअर आणू शकत नाहीत, ती फक्त बिघडलेली सुरुवात नीट करतात.

सशुल्क सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये सगळे फोटो दिसतायत. पैसे भरू?

आधी एखादा फोटो डेमोमध्येच पूर्ण आकारात उघडून बघा. जाळीत दिसणारी छोटी चित्रं बऱ्याचदा वर सांगितलेले थंबनेलच असतात, आणि मूळ फोटो बिघडला असला तरी ती छान दिसतात. पूर्ण आकारात शेवटच्या ओळीपर्यंत फोटो नीट दिसला तरच पाकिटाला हात घाला.

सशुल्क सॉफ्टवेअरचा एक खरा फायदा मात्र आहे. फॉरमॅटने मुख्य यादी पुसली तरी आतल्या जुन्या फोल्डरची यादी कधी कधी वाचते. तिचा माग काढता आला तर `DSC_0412` सारखी मूळ नावं आणि तुटक फोटोंचे तुकडेही हाती लागू शकतात.

व्हिडिओ का चालत नाहीत?

फोटोंपेक्षा व्हिडिओचं दुखणं अवघड आहे. एमपी4 चालवायला लागणारी सूची, जिला `moov` म्हणतात, ती बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग थांबल्यावर फाइलच्या शेवटी लिहिली जाते. शेवटचा तुकडा चुकला की 4 जीबीची फाइल असूनही प्लेअर उघडत नाही. गोप्रोमध्ये तर मुख्य व्हिडिओसोबत `LRV` ही कमी आकाराची प्रतही त्याच वेळी लिहिली जाते, त्यामुळे दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि 'सलग' हा आधारच उरत नाही. अशा वेळी त्या त्या कॅमेऱ्याची लिहिण्याची पद्धत ओळखणारं खास व्हिडिओचं सॉफ्टवेअर लागतं.

लॅबकडे कधी जायचं?

कार्ड रीडरमध्ये दिसतच नसेल, 64 जीबीऐवजी काहीतरी विचित्र क्षमता दाखवत असेल, वाचताना तापत किंवा मध्येच गायब होत असेल तेव्हा. हा फॉरमॅटचा नाही, कार्डाच्या कंट्रोलरचा बिघाड आहे आणि घरी दहा वेळा घालून-काढून तो वाढतोच. उलट कार्ड नीट वाचलं जातंय पण इमेजभर शून्यं आहेत, तर लॅबलाही सहसा काही करता येत नाही. जाण्याआधी ते विचारा, आणि 'डेटा मिळाला तरच पैसे' ही अट लेखी घ्या.

तेच कार्ड पुन्हा वापरू का?

साध्या फॉरमॅटने कार्डाला काही इजा होत नाही. सगळे फोटो उघडून बघून झाले, त्यांची दुसरी प्रतही झाली, की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरा. `card.img` मात्र ग्राहकाला अल्बम पोचेपर्यंत डिस्कवर राहू द्या.